थोरल्याने बांध कधी कोरला?

कथा दोन भावांची होती. वाटणीत मिळालेली शेतं शेजारी शेजारी, मध्ये एक बांध. धाकटा दर नांगरटीला तो बांध वीतभर आत कोरत जातो, आणि एका रात्री तर खुणेचा दगडच उचलून हातभर पलीकडे रोवतो. सकाळी हाच धाकटा तलाठ्याच्या दारात उभा राहून गाव गोळा करतो, की थोरल्याने माझी जमीन दाबली हो! त्यांची म्हातारी आई ओट्यावर बसून सगळं ऐकत असते. ती एवढंच म्हणते, “चोराच्या उलट्या बोंबा!” आणि तांदूळ निवडायला लागते.

मी या कथेचं इंग्रजी भाषांतर करत होते. जमिनीचे शब्द, नात्यांचे शब्द, तलाठी, सातबारा यांनी मला दोन दिवस छळलं. म्हणीने मात्र अजिबात छळलं नाही. इंग्रजीत तिच्यासाठी ‘द पॉट कॉलिंग द केटल ब्लॅक’ आहेच, म्हणजे पातेलं किटलीला काळी म्हणतंय. शाळेत म्हणींच्या जोड्या पाठ केलेल्या असतात, त्या अशा वेळी आपोआप तोंडात येतात. मी ती जोडी लावून पुढे गेले.

इंग्लंडमध्ये वाढलेली माझी एक मैत्रीण आहे. तिला मराठी येत नाही, म्हणूनच मी माझी भाषांतरं तिला वाचायला देते. तिने कथा परत पाठवली तेव्हा त्या ओळीशेजारी पेन्सिलीने प्रश्न लिहिला होता : थोरल्याने बांध कधी कोरला? माझं एखादं पान सुटलं का?

पान सुटलं नव्हतं. थोरल्याने आयुष्यात कधी बांधाला हात लावलेला नव्हता, आणि कथेचा सगळा सल तोच आहे. पण माझ्या इंग्रजीने त्याला गुन्हेगार करून टाकलं होतं. ते पातेलं आणि ती किटली एकाच चुलीवरची. दोघांच्याही बुडाला काजळी. पातेलं किटलीला हसतं यात गंमत येते ती दोघंही काळी असल्यामुळेच. किटली लख्ख असेल तर म्हणीतला जीवच जातो. मराठी म्हणीत मात्र काळा एकच आहे, आणि ओरडतोय तोच. ज्याच्याकडे बोट दाखवलंय तो निर्दोष आहे. म्हणजे आईने एका मुलाची बाजू घेतली होती आणि मी तिच्या तोंडून दोघांनाही एका माळेत ओवलं होतं. मैत्रिणीने मन लावून वाचलं म्हणून चूक सापडली. भराभर वाचणाऱ्याने दोघेही भाऊ सारखेच असं मनात धरून कथा संपवली असती, आणि कुणालाच काही कळलं नसतं.

म्हणीच्या भाषांतरात हीच चूक सगळ्यांत जास्त होते. शब्दाला शब्द लावण्याची चूक त्यामानाने बरी, कारण ती डोळ्यांत खुपते. नवशिक्या माणसाने कोश उघडला तर त्याला ‘उलट्या’ या शब्दासमोर ओकाऱ्याही सापडतील. तसं भाषांतर झालं तर वाचणारा हसेल आणि विचारेल. पण तयार इंग्रजी म्हण लावून केलेली चूक गुळगुळीत असते. वाक्य इंग्रजीत छान बसतं, कानाला ओळखीचं लागतं, आणि अर्थ मात्र दुसराच पोहोचतो.

तेव्हा मी म्हण बाजूला ठेवली आणि तिचं आधी साध्या मराठीत भाषांतर केलं. हे ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण खरं काम इथेच होतं. म्हणीतून चोर काढायचा, बोंब काढायची, आणि उरेल ते लिहायचं : ज्याने वाईट केलं, तोच आपल्यावर अन्याय झाल्याचा गाजावाजा करतो आहे. मग काही प्रश्न विचारायचे. दोषी किती जण? एक. आरोप कुणावर? निर्दोषावर. ओरडा कुणाला ऐकवण्यासाठी? समोरच्याला नव्हे, गावाला. म्हण बोलणारी व्यक्ती कोण? बघणारी, तिऱ्हाईत, किंवा जिच्यावर आळ आला ती. सूर कोणता? चीड आहे, पण त्याबरोबर ‘बघा काय तऱ्हा आहे’ असं एक आश्चर्यही आहे.

‘गावाला’ हे उत्तर मला ‘बोंब’ या शब्दाने दिलं. बोंब म्हणजे नुसता मोठा आवाज नव्हे. पालथा हात तोंडावर मारत मारत ठोकलेली ती आरोळी. होळीला आपण मजेत मारतो तीच, पण खऱ्या संकटात ती मदतीची हाक असते : धावा, लुटलं! म्हणजे बोंब मारण्याचा हक्क ज्याचं गेलं त्याचा. चोराने ती मारली की ती चुकीच्या तोंडातून निघाली, म्हणून उलटी. हिंदीतली भावंड म्हण थोडी वेगळी आहे. तिथे चोर उलट कोतवालालाच दटावतो, म्हणजे उद्धटपणा अधिकाऱ्याच्या तोंडावर आहे. मराठी चोर तेवढा धीट नाही. तो गर्दी जमवतो आणि गर्दीत मिसळतो.

इतकं स्पष्ट झाल्यावर इंग्रजीत शोधायला काय हवं तेही स्पष्ट झालं : चोर, आणि चोरीला बळी पडलेल्याची आरोळी. आणि ती आरोळी इंग्रजीत आहे. लंडनच्या रस्त्यावर कुणाचा खिसा कापला गेला की लोक ‘स्टॉप थीफ!’ असं ओरडत मागे धावायचे. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये तर आपली म्हण जशीच्या तशी घडते. पुस्तकांच्या गाड्यापाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थाच्या खिशातून दोन पोरटी रुमाल लांबवतात. आळ येतो बिचाऱ्या ऑलिव्हरवर. तो घाबरून पळतो, लोक मागे लागतात, आणि ती दोन पोरटी त्याच गर्दीत शिरून सगळ्यांबरोबर ‘चोर, चोर’ ओरडू लागतात. कादंबरी 1837 ते 1839 या काळात क्रमशः छापून येत होती. म्हणजे हे दृश्य इंग्रजी वाचकाच्या ओळखीचं होऊन जवळजवळ दोन शतकं झाली. इंग्रजीत त्यावर नेमकी म्हण रूढ झाली नाही एवढंच. रशियन भाषेत झाली आहे : सगळ्यांत मोठ्याने ‘चोराला धरा’ असं ओरडतो तो चोरच.

म्हणून मी लिहिलं : ‘लिसन टू द थीफ, क्राइंग थीफ!’ ऐका, चोर ‘चोर’ म्हणून ओरडतोय. छोटं आहे, एकच शब्द दोन टोकांना येऊन आदळतो, आणि दोषी कोण याबद्दल शंका राहत नाही. मला ते फार आवडलं. दोन दिवस आवडलं. तिसऱ्या दिवशी मी ते म्हातारीच्या तोंडून मोठ्याने वाचलं आणि लक्षात आलं की म्हातारी असं म्हणणार नाही.

अडचण होती ‘द’ची. मराठीत नामाच्या मागे असं शेपूट लावावं लागत नाही. ‘चोराच्या उलट्या बोंबा’ यातला चोर कोण? कुणीही चोर, जगातले सगळे चोर. आणि त्याच वेळी समोरचा तो एक. मराठी वाक्य दोन्ही अर्थ एकाच वेळी पोटात ठेवतं आणि बोलणाऱ्याला आडोसा देतं. म्हातारीला उद्या कुणी विचारलं, ‘काय गं, पोटच्या पोराला चोर म्हणालीस?’, तर ती म्हणू शकते, ‘मी कुठे म्हणाले? म्हण आहे ती.’ इंग्रजीत मात्र ‘द थीफ’ म्हटलं की बोट एका माणसाकडे वळतं. आईने गावासमोर मुलाला चोर ठरवलं असं होतं. आणि माझी म्हातारी तर तेवढंच टाळत होती. तिला ते म्हणायचं नव्हतं, पण न म्हणता गप्पही बसवत नव्हतं, म्हणून तर तिने म्हण वापरली.

हे फक्त या एका म्हणीचं नाही. आपल्या घरांत म्हणी बऱ्याचदा याच कामाला येतात. सासूने सुनेला, सुनेने नणंदेला, भावाने भावाला जे सरळ सांगता येत नाही ते म्हणीच्या पदराआडून सांगितलं जातं. पदर काढून घेतला तर अर्थ शाबूत राहतो, पण बोलणाऱ्याचं माणूसपण बदलतं. इंग्रजीत तो पदर पुन्हा विणायचा तर वाक्य सर्वसाधारण करावं लागतं. ‘ऑलवेज’ सारखा शब्द त्याला उपयोगी पडतो. शेवटी मी लिहिलं : ‘इट्स ऑलवेज द थीफ हू क्राइज थीफ.’ नेहमी चोरच ‘चोर’ म्हणून ओरडतो. ‘द’ आहेच, पण ‘ऑलवेज’मुळे तो एका माणसाचा राहिला नाही, जातीचा झाला. पहिल्या वाक्यातला ‘लिसन’चा चटका गेला याचं वाईट वाटलं. उद्गारचिन्हही काढलं. तांदूळ निवडता निवडता बोललेलं वाक्य आहे, त्याला ते शोभलं नसतं.

मैत्रिणीला फक्त तेवढं पान पुन्हा पाठवलं आणि विचारलं, बांध कुणी कोरला? ती म्हणाली, धाकट्याने. आणि आईला ते माहीत आहे, पण तिला ते बोलायचं नाहीये. माझी परीक्षा एवढीच असते. ‘म्हण कशी वाटली?’ असं कधीच विचारायचं नाही, कारण चांगलीच वाटते. गोष्टीतला प्रश्न विचारायचा, आणि उत्तरावरून म्हण पोहोचली की नाही ते ओळखायचं.

हेच वाक्य कथेऐवजी चित्रपटात असतं तर पडद्याखालच्या ओळीत मावलं असतं का, हेही मी गंमत म्हणून मोजून पाहिलं. तिथे एका ओळीत साधारण 40 ते 42 अक्षरं बसतात, फार तर दोन ओळी, आणि त्या दोन-तीन सेकंदांत पुसल्या जातात. रोमन लिपीत हे वाक्य मोकळ्या जागा धरून 37 अक्षरांचं होतं. मावलं असतं. पण तेच वाक्य कोर्टाच्या कागदात मी कधीच लिहिलं नसतं. तालुक्याच्या कोर्टात मराठीत झालेली साक्ष अपिलात मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली की तिचं इंग्रजी करावं लागतं, कारण तिथलं कामकाज इंग्रजीत चालतं. तिथे भाषांतरकाराला साक्षीदाराच्या तोंडचे शब्द बदलायचा अधिकार नाही. साक्षीदार चोर म्हणाला, बोंब म्हणाला, तर ते शब्द आले पाहिजेत; आणि ही रूढ म्हण आहे, तिचा अर्थ असा, हेही शेजारी आलं पाहिजे. दुसरा भाग गाळला तर ‘साक्षीदाराने प्रतिवादीला चोर म्हटलं’ असा मुद्दा वकिलाला आयता मिळतो. म्हणजे भाव राखायचा म्हणजे काय, ते कागद कुठे जाणार यावर ठरतं.

संग्रहाचंही तसंच. रेव्हरंड मॅनवेअरिंग या मिशनऱ्याने मराठी म्हणी गोळा करून इंग्रजी भाषांतरासह 1899 साली ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसकडून छापल्या. त्या आधी मोल्सवर्थच्या कोशातही जागोजागी म्हणी विखुरलेल्या आहेत. अशा पुस्तकांत शब्दशः भाषांतर दिसलं की आजचा वाचक नाक मुरडतो. मला ते योग्यच वाटतं. संग्रहात म्हण एकटी असते. तिला बोलणारं कुणी नाही, ऐकणारं नाही, भांडण नाही. मग भाव राखायचा तो कुणाचा? तिथे मराठी माणूस कोणत्या शब्दांत बोलतो हेच सांगायचं असतं, आणि अर्थाचा खुलासा पुरतो. म्हण माणसाच्या तोंडात गेली की मग ती दुसरंच काम करू लागते.

एक प्रसंग मात्र असा येतो की शब्द सोडून चालतच नाही. गोष्टीतलं दुसरं पात्र म्हणीतलं चित्र उचलून उत्तर देतं तेव्हा. दुसऱ्या एका कथेत नव्या सुनेची भाकरी तव्यावर मोडते. ती पुटपुटते की तवा एका बाजूला दबलाय. सासू म्हणते, “नाचता येईना अंगण वाकडं.” आणि सून, जी आतापर्यंत खाली मान घालून बसलेली आहे, ती म्हणते, “अंगण सरळ करून द्या आत्याबाई, मग बघा नाच.”

इथेही शाळेतली जोडी तयार असते : ‘अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स’, वाईट कारागीर हत्यारांना दोष देतो. अर्थ चोख आहे, वरच्यासारखी दगाबाजी इथे नाही. दोषी एकच, सबब खोटी, सूर टोमण्याचा. तरी बसवून पाहिली तर तीन गोष्टी बिघडतात. कारागीर पुरुष आहे, आणि स्वयंपाकघरात दोन बायका आहेत. सुनेच्या उत्तरातला नाच हवेत लटकतो. तिसरी गोष्ट लक्षात यायला मला वेळ लागला. हत्यार आणि तवा ही फार जवळची चित्रं आहेत, तवा हे हत्यारच आहे. त्यामुळे इंग्रजीत सासूचं बोलणं म्हण राहत नाही, सरळ आरोप होतो : तव्याला नावं ठेवू नकोस. मराठीत ती तव्याबद्दल अवाक्षर काढत नाही. ती अंगणाबद्दल बोलते, तव्यापासून लांब जाऊन बोलते, म्हणून ते लागतं.

तेव्हा अंगण ठेवायचं. पण कोणतं? ‘कोर्टयार्ड’ म्हटलं की वाड्याचा चौक, दगडी फरसबंदी, मध्ये कारंजंसुद्धा उभं राहतं. ‘यार्ड’ म्हटलं तर अमेरिकन वाचकाला हिरवळ दिसते. शेणाने सारवलेली, रांगोळीची, वाळवणाची, रात्री खाट टाकून झोपायची ती जागा इंग्रजीत एका शब्दात नाही. पण या म्हणीला त्यातलं काहीच लागत नाही! तिला लागते फक्त नाचण्याची जमीन. ‘फ्लोअर’ पुरतो, कारण इंग्रजीत नाच आणि फ्लोअर यांचं लग्न आधीच झालेलं आहे. अंगणाचं अंगणपण गेलं, पण कथेत ते इतरत्र भरपूर आहे. शिवाय ‘वाकडं’साठी ‘क्रुकेड’ लिहायचा मोह टाळला. इंग्रजीत जमीन वाकडी नसते, उंचसखल असते.

मग वाक्य असं झालं : ‘अ बॅड डान्सर ब्लेम्स द फ्लोअर.’ वाईट नाचणारी जमिनीला दोष देते. चित्र आपलं, आणि सांगाडा त्यांच्या कारागिराचा. इंग्रजी वाचकाच्या कानात मूळ म्हणीची चाल आधीपासून आहे. त्या चालीवर नवे शब्द ऐकले की ही म्हण आहे आणि तिचा रोख कुठे आहे, दोन्ही त्याला तत्क्षणी कळतं. टीप द्यावी लागत नाही. ‘डान्सर’ बाईही असते. आणि सुनेचं उत्तर सरळ बसतं : जमीन सपाट करून द्या, मग बघा नाच. परक्याच्या सांगाड्यावर आपलं चित्र चढवण्याची ही युक्ती मला आजवर सगळ्यांत जास्त उपयोगी पडली आहे.

तिनेच मला आणखी एका ठिकाणी सोडवलं. ‘आगीतून फुफाट्यात’ आणि ‘आउट ऑफ द फ्राइंग पॅन, इनटू द फायर’ या इतक्या सारख्या दिसतात की दोघींचं माहेर एकच वाटावं. पण इंग्रजीत तव्यातून विस्तवात पडायचं असतं, म्हणजे धग वाढते. मराठीत विस्तवातून तापलेल्या राखेत. वरून बघितलं तर धग कमीच झालेली दिसते, ज्वाळा नाही, धूर नाही, आणि पाय टाकल्यावर कळतं. ज्या कथेत ही म्हण आली होती तिथला माणूस सावकाराच्या कर्जातून सुटायला ऊसतोडीच्या मुकादमाची उचल घेतो. उचल म्हणजे त्याला कर्ज वाटतच नाही, मजुरीचे आगाऊ पैसे वाटतात. इथे मला वाढलेली धग नको होती, फसवी राख हवी होती. ‘आउट ऑफ द फायर, इनटू द हॉट अ‍ॅश’ असं लिहिलं. इतर बहुतेक ठिकाणी मी तयार इंग्रजी म्हणच बिनदिक्कत वापरते, आणि वापरावी. दर वेळी राख उकरत बसलं तर कथा पुढे सरकायची नाही.

तयार म्हणीने मात्र आपलं गाव बदलता कामा नये. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ यासाठी बिबट्याचे ठिपके बदलत नाहीत अशा अर्थाची म्हण इंग्रजीत आहे. ती मुळात बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकातली. अर्थाला ती बरोबर आहे. पण कथा जुन्नरकडच्या उसातली असेल तर? तिथे बिबट्या म्हटल्यावर वाचक आधी दाराला कडी लावेल. शिवाय पंढरीची वारी करणाऱ्या आजीने बायबलमधले दाखले द्यायला लागावं हे मला तरी पटत नाही. डुकरांपुढे मोती टाकण्याची म्हणही तशीच बायबलमधली. ‘गाढवाला गुळाची चव काय’ याऐवजी ती आजीच्या तोंडी आली की आजी क्षणभर पाद्र्यासारखी बोलते. इथे गाढव आणि गूळ इंग्रजीत सरळ चालतात. गाढव मूर्ख असतं हे दोन्हीकडे मान्य आहे, आणि गूळ माहीत नसला तरी तो काहीतरी चवीचा पदार्थ आहे हे वाक्यच सांगतं.

पळसाने असं काही सांगितलं नाही. ‘कुठेही जा, पळसाला पानं तीनच.’ पळसाचं पान त्रिदळी असतं, डोंगरावर असो की गावकुसाला, त्यात फरक नाही. तशी माणसं आणि त्यांचे व्यवहार सगळीकडे सारखेच. इंग्रजी वाचकाला पळस माहीत नाही. त्यांच्याकडे तीन पानांचं क्लोव्हर नावाचं गवत आहे, ते घालावं असं कुणालाही सुचेल, मलाही सुचलं होतं. पण चार पानांचं क्लोव्हर सापडणं म्हणजे नशीब उघडणं अशी तिकडे समजूत आहे. लोक वाकून वाकून ते शोधतात. म्हणजे ‘तीनच’ म्हटल्यावर त्यांच्या मनात लगेच ‘कधीतरी चार’ येणार, आणि म्हणीने जी आशा मोडायची तीच उगवणार. त्या कथेत बदली होऊन तिसऱ्या गावी गेलेला एक कारकून हे वाक्य बोलतो. मी त्याच्या तोंडी साधं वाक्य दिलं : नवीन ऑफिस, तेच लोक. ‘न्यू ऑफिस, सेम पीपल.’ म्हण गेली, झाड गेलं. त्याला जे म्हणायचं होतं ते आलं. पुढच्या पानावर मूळ लेखकाने खिडकीबाहेर पळस फुललेला दाखवला आहे. म्हणीतला पळस गेल्यामुळे इंग्रजीत तो नुसता फुललेला राहतो. हे नुकसान भरून काढायचा मार्ग मला सापडला नाही.

दोन भावांच्या कथेकडे परत येते, कारण तिच्या शेवटी आणखी एक म्हण आहे. मोजणी होते, दगड परत जागेवर येतो, धाकट्याचं खोटं गावासमोर पडतं. लोक म्हातारीकडे येतात, काहीतरी बोल म्हणतात. ती म्हणते, “आपलेच दात, आपलेच ओठ.” आणि कथा संपते.

इंग्रजी कोशात मी बराच वेळ घालवला. रक्त पाण्यापेक्षा दाट असतं, अशी एक म्हण हाती आली. पण तिच्यात रक्ताच्या नात्याचा अभिमान आहे. म्हातारीला अभिमान कुठला? तिच्याच एका अवयवाने दुसऱ्याला चावलंय आणि शिक्षा कुणाला करायची हे तिला कळत नाही. मग मी साधं मराठी करून पाहिलं, प्रश्न विचारले, सांगाडे शोधले. काहीच जमेना. शेवटी कंटाळून शब्दाला शब्द लिहिला : ‘माय ओन टीथ, माय ओन लिप.’ फक्त ‘आपले’चं ‘माझे’ केलं. ‘अवर’ लिहिलं असतं तर दात सगळ्या गावाचे झाले असते. चावलं हे क्रियापद मराठीतही नाही, म्हणून तेही घातलं नाही.

त्या ओळीशेजारी मैत्रिणीने पेन्सिल टेकवली नव्हती.